चौथ्या ओळीतील चूक : जिवाणूच्या थांब्याचा विसरलेला इतिहास

१/
जीवशास्त्राच्या असंख्य पाठ्यपुस्तकांत चार ओळींचा एक तक्ता आढळतो. माध्यमात ग्लुकोज आहे की नाही, लॅक्टोज आहे की नाही, आणि त्यानुसार ई. कोलाय या जिवाणूची लॅक्टोज पचवणारी जनुके चालू की बंद, एवढेच त्यात मांडलेले असते. पहिल्या तीन ओळींविषयी वाद नाही. चौथ्या ओळीत दोन्ही शर्करा एकत्र असतात. तिथे बहुधा असे छापलेले असते की लॅक्टोज उपलब्ध असल्यामुळे दमनक प्रथिन डीएनएवरून सुटले आहे, परंतु ग्लुकोजमुळे पेशीतील सायक्लिक एएमपी घटले आहे, म्हणून जनुके मंद चालतात. हे विधान खोटे आहे. ते खोटे असल्याचे पुरावे १९६७ पासून छापील स्वरूपात उपलब्ध आहेत, आणि तरीही ते वर्षानुवर्षे नव्या आवृत्तीत जाते. हा धागा त्या एका ओळीविषयी आहे.

२/
आरंभ पॅरिसमध्ये होतो. १९४० च्या जूनमध्ये शहर जर्मन फौजांच्या हाती गेले होते. सोर्बोनमधील जाक मोनो हा तिशीतला प्राणिशास्त्रज्ञ त्या काळात जिवाणूंच्या वाढीचा वेग मोजत होता. विषय नीरस वाटावा असा : ठरावीक अन्न दिल्यास किती जिवाणू तयार होतात आणि किती वेळात. एकच शर्करा दिली की आलेख अपेक्षेप्रमाणे चढे आणि अन्न संपताच सपाट होई. दोन शर्करा एकत्र दिल्यावर मात्र काही जोड्यांच्या बाबतीत आलेखाच्या मध्यावर एक पायरी दिसू लागली. वाढ, मग थांबा, मग पुन्हा वाढ.

३/
ही पायरी मोजमापातील दोष नाही हे मोनोने ज्या रीतीने सिद्ध केले ती रीत आजही शिकवण्याजोगी आहे. त्याने ग्लुकोज आणि सॉर्बिटॉल यांची जोडी घेतली, एकूण साखर तेवढीच ठेवली आणि प्रमाण बदलले : एकदा एकास तीन, एकदा समसमान, एकदा तीनास एक. पहिल्या टप्प्याची उंची ग्लुकोजच्या प्रमाणात वाढली, दुसऱ्या टप्प्याची सॉर्बिटॉलच्या प्रमाणात. म्हणजे जिवाणू दोन्ही साखरा एकत्र खाऊन मध्येच दमत नव्हता. एक संपूर्ण संपल्यावरच तो दुसरीकडे वळत होता. ‘दुहेरी वाढ’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून मोनोने १९४१ मध्ये या घटनेला ‘डायऑक्सी’ असे नाव दिले.

४/
आलेख घेऊन मोनो पाश्चर संस्थेतील आंद्रे ल्वॉफकडे गेला. ल्वॉफने सुचवले की याचा संबंध विकरांच्या अनुकूलनाशी असावा, म्हणजे अन्न समोर आल्यावरच त्याचे विकर तयार होण्याशी. मोनोने ही संकल्पना तोवर ऐकलेलीही नव्हती. हे त्याने पुढे नोबेल व्याख्यानात स्वतःच सांगितले. गंमत अशी की ग्लुकोजमुळे दुसऱ्या शर्करेचे अनुकूलन मारले जाते हे निरीक्षण फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेडरिक दिएनेर याने यीस्टवर १९०० सालीच नोंदवलेले होते. ‘एका थोर माणसाला अचानक दिसले’ अशी कथा आवडणाऱ्यांनी ही चाळीस वर्षे ध्यानात ठेवावीत.

५/
आता एक चंबू डोळ्यांसमोर आणू या, कारण पुढचा सारा वाद त्याच्याच आत घडतो. क्षारांच्या साध्या माध्यमात दर लिटरला अर्धा ग्रॅम ग्लुकोज आणि दीड ग्रॅम लॅक्टोज घातले आहे. तापमान ३७ अंश. ई. कोलाय ग्लुकोजचे साधारण निम्मे वजन स्वतःच्या कोरड्या वस्तुमानात बदलतो, म्हणून पहिल्या टप्प्याअखेर लिटरमागे पाव ग्रॅमच्या आसपास जिवाणू असतील. प्रकाशमापकावर हा गढूळपणा सुमारे ०.६ भरतो. सुरुवात ०.०२ पासून केली तर तिथे पोहोचायला दुपटीच्या जवळपास पाच पायऱ्या लागतात. दुपटीचा काळ तासाभराचा धरला तर पाचेक तासांनी आलेख वाकेल, अर्धा ते एक तास आडवा राहील आणि नंतर किंचित सौम्य चढाने पुन्हा वर जाईल.

६/
याच चंबूत ग्लुकोज दुप्पट केले तर? थांबा दुप्पट वेळाने येईल असे वाटते, परंतु तो केवळ एका दुपटीने, म्हणजे तासाभराने पुढे सरकतो. उंची मात्र दुप्पट होते. थांबा ग्लुकोज संपल्यामुळेच आला, विषारी द्रव्य साचल्याने किंवा प्राणवायू कमी पडल्याने नव्हे, हे ओळखण्याची ही खूण. अनेकांना हा थांबा प्रयोगात दिसतच नाही, आणि बहुतेक वेळा कारण किरकोळ असते. नमुने तासातासाने घेतलेले असतात, त्यामुळे अर्ध्या तासाची पायरी दोन बिंदूंच्या मधोमध हरवते. किंवा आदल्या रात्रीची बीजसंस्कृती लॅक्टोजवर वाढवलेली असते. या दुसऱ्या कारणाकडे पुन्हा यावे लागेल, कारण प्रयोगकर्त्याची ही ‘चूक’ म्हणजेच या वादातला सर्वांत बोलका पुरावा आहे.

७/
थांब्याचे कारण काय? मोनोचे पहिले उत्तर चुकले. विविध विकर एकाच पूर्वद्रव्यासाठी स्पर्धा करतात आणि ग्लुकोजचे विकर ती जिंकते, असे त्याला १९४० च्या दशकात वाटत होते. पुढे १९५६ मध्ये पाश्चर संस्थेत रिकेनबर्ग, कोहेन, ब्यूताँ आणि मोनो यांनी दाखवले की लॅक्टोज पेशीत आपोआप शिरत नाही. त्यासाठी आवरणात परमिएज नावाचे द्वारपाल प्रथिन लागते. १९६१ मध्ये फ्रांस्वा जाकोब आणि मोनो यांनी लॅक ऑपेरॉनचे चित्र पूर्ण केले : दमनक प्रथिन डीएनएवर बसून जनुके अडवते, लॅक्टोजपासून बनलेला प्रेरक त्याला चिकटला की ते सुटते, मग लॅक्टोज तोडणारे बीटा-गॅलॅक्टोसिडेज आणि त्याला आत आणणारे परमिएज एकत्रच तयार होतात.

८/
या शोधातील एक गोष्ट ठसठशीतपणे लक्षात ठेवावी. प्रेरक पेशीच्या आत हवा. बाहेर चंबूत लॅक्टोजचा महापूर असला तरी तो आत येईपर्यंत दमनकाला त्याची वार्ता नसते. पाठ्यपुस्तकाच्या तक्त्यातील ‘लॅक्टोज आहे’ हा शब्दप्रयोग कोणत्या बाजूचे लॅक्टोज मोजतो हे सांगतच नाही. चूक नेमकी तिथे दडते.

९/
त्याच १९६१ साली बोरिस मागासानिक यांनी ‘कॅटाबोलाइट रिप्रेशन’ हे नाव दिले. त्यांचा विचार नावातच आहे : ग्लुकोज झपाट्याने फोडले जाते, त्यातून निघणारे पदार्थ, म्हणजे कॅटाबोलाइट, पेशीत साचतात आणि इतर शर्करांची विकरे बनू देत नाहीत. कोणता पदार्थ, हे त्या वेळी कुणालाच सांगता आले नव्हते. मग १९६५ मध्ये माकमन आणि सदरलँड यांना आढळले की ग्लुकोज असताना ई. कोलायमधील सायक्लिक एएमपी कमी असते आणि ते संपल्यावर वाढते. १९६८ मध्ये एकीकडे पर्लमन व पास्तान आणि दुसरीकडे आन्येस उलमान व मोनो यांनी बाहेरून सायक्लिक एएमपी घालून ग्लुकोजचे दमन सैल करून दाखवले. १९७० पर्यंत त्याला पकडून डीएनएवर बसणारे प्रथिनही सापडले.

१०/
एवढे झाल्यावर कथा पूर्ण झाल्यासारखी वाटली. ग्लुकोज असेल तर सायक्लिक एएमपी कमी, म्हणून उत्तेजक प्रथिन निष्क्रिय, म्हणून लॅक जनुके मंद, म्हणून थांबा. साखळी सुबक होती, फळ्यावर काढायला सोपी होती आणि सायक्लिक एएमपीसाठी सदरलँड यांना १९७१ चे नोबेलही मिळाले. नाव मात्र तेच राहिले, जरी नव्या कथेत कॅटाबोलाइट उरला नव्हता आणि दमनही उरले नव्हते; उरला होता तो उत्तेजनाचा अभाव. शब्दातले दोन्ही घटक खोटे ठरल्यावरही शब्द टिकतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण राजकीय इतिहासातही सहज सापडणार नाही.

११/
आता मुख्य आक्षेप. सायक्लिक एएमपीचे महत्त्व ज्या प्रयोगांनी सिद्ध झाले त्यांपैकी बहुतेकांत प्रेरक म्हणून लॅक्टोज वापरलेच नव्हते. आयपीटीजी नावाचे कृत्रिम द्रव्य वापरले होते. त्याला पेशी पचवू शकत नाही, म्हणून त्याची मात्रा स्थिर राहते, आणि पुरेसे घातले तर ते परमिएजशिवायही आत शिरते. प्रयोगाच्या दृष्टीने ही निवड अगदी योग्य होती. परंतु तिचा अर्थ असा की लॅक्टोज दारात अडण्याची शक्यता प्रयोगाच्या रचनेतूनच वगळली गेली होती. दार काढून टाकून घेतलेला निष्कर्ष नंतर दार असलेल्या घराला लावण्यात आला. दोष प्रयोगकर्त्यांचा नव्हे. तो निष्कर्ष जसाच्या तसा तक्त्याच्या चौथ्या ओळीत उचलून ठेवणाऱ्यांचा आहे.

१२/
आणि दार खरोखरच बंद असते. ई. कोलाय ग्लुकोज आत घेताना त्याला लगेच फॉस्फेट चिकटवतो. १९६४ मध्ये सॉल रोझमन यांच्या प्रयोगशाळेने शोधलेली ही यंत्रणा हातोहात घागर देण्यासारखी चालते : फॉस्फेट एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे आणि अखेरीस आत येणाऱ्या ग्लुकोजकडे. या रांगेत शेवटून दुसऱ्या जागी उभ्या प्रथिनाचे नाव आहे ईटूए-ग्लुकोज. बाहेर ग्लुकोज नसले की त्याच्या हातात फॉस्फेट पडून राहते. ग्लुकोज वाहत असले की हात सतत रिकामे होतात. आणि रिकाम्या हातांचे हे प्रथिन आवरणातील लॅक्टोज-परमिएजला जाऊन चिकटते व त्याचे काम बंद पाडते.

१३/
परिणाम सरळ आहे. ग्लुकोज येत असेपर्यंत लॅक्टोज आत येत नाही. ते आत नाही म्हणून प्रेरक बनत नाही. प्रेरक नाही म्हणून दमनक डीएनएवरच बसून राहतो. चौथ्या ओळीत ‘दमनक सुटला’ असे जे छापलेले असते त्याच्या हे नेमके उलट आहे. या प्रकाराला प्रेरक-वर्जन म्हणता येईल.

१४/
दोन्ही स्पष्टीकरणांची परीक्षा घेता येते, कारण त्यांची भाकिते वेगळी आहेत. थांबा केवळ सायक्लिक एएमपीच्या अभावाने येत असेल तर पेशीत परमिएज आधीपासून भरलेले असो वा नसो, ग्लुकोजने लॅक जनुके मंद केलीच पाहिजेत. तो प्रेरक-वर्जनाने येत असेल तर भरपूर परमिएज असलेल्या पेशींत ईटूए-ग्लुकोज सगळी दारे अडवू शकणार नाही आणि थांबा मिटेल. लॅक्टोजवर वाढवलेल्या बीजसंस्कृतीची ती ‘चूक’ आठवावी. लूमिस आणि मागासानिक यांनी १९६७ मध्ये हेच छापले : आधीच प्रेरित केलेल्या पेशींत लॅक्टोजच्या प्रेरणेवरचा ग्लुकोजचा अडथळा दूर होतो, आणि बाहेरील लॅक्टोजची मात्रा खूप वाढवली तरी दुहेरी वाढ नाहीशी होते. ग्लुकोज पेशीतील प्रेरकाची मात्रा घटवते, ही शक्यता त्यांनी त्याच निबंधात मांडली. ‘कॅटाबोलाइट रिप्रेशन’ या नावाचा जनकच त्या नावाची मर्यादा सांगत होता, आणि तीही सायक्लिक एएमपीची लाट येण्याच्या एक वर्ष आधी.

१५/
निर्णायक घाव १९९६ मध्ये जपानमधून आला. इनाडा, किमाता आणि हिरोजी आइबा यांनी, ज्याची अनेक दशके केवळ गृहीतके धरली गेली होती, ते प्रत्यक्ष मोजले : ग्लुकोज-लॅक्टोजच्या मिश्रणात वाढताना पेशीत सायक्लिक एएमपी किती असते. पाठ्यपुस्तकानुसार ते ग्लुकोजच्या टप्प्यात कमी आणि लॅक्टोजच्या टप्प्यात जास्त असायला हवे. आढळले असे की दोन्ही टप्प्यांत ते जवळपास सारखेच आहे. फक्त थांब्याच्या काळात तात्पुरते वर जाते. लॅक्टोजवर पेशी जोमाने वाढत असताना लॅक जनुके पूर्ण चालू असतात, आणि सायक्लिक एएमपी मात्र ग्लुकोजच्या काळाइतकेच. मग त्याच मात्रेने ग्लुकोजच्या काळात जनुके बंद ठेवली, असे कसे म्हणावे?

१६/
पुढे त्यांनी बाहेरून सायक्लिक एएमपी घातले, तरी वाढीचे दोन टप्पे मिटले नाहीत. उलट दमनकाचे जनुक बिघडवले, किंवा ईटूए-ग्लुकोजचे जनुक बिघडवले, की ग्लुकोजचा प्रभाव नाहीसा झाला. कारण कोणते आणि सोबती कोण, हे याहून उघड करणे कठीण आहे. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच सायक्लिक एएमपीच्या प्रतिमानाला आव्हान असल्याचे लिहिले होते. म्हणजे ते कुणाच्या नजरेतून सुटण्याजोगे नव्हते.

१७/
प्रतिपक्षाचे ऐकणे भाग आहे. सायक्लिक एएमपी निरर्थक नाही. लॅकचा प्रवर्तक स्वभावतः दुबळा आहे आणि सायक्लिक एएमपी धारण केलेले प्रथिन शेजारी बसल्याखेरीज तो नीट चालत नाही. ग्लिसरॉलसारख्या मंद अन्नावर वाढणाऱ्या आणि आयपीटीजी दिलेल्या पेशींत ग्लुकोज घातले तर विकरांची निर्मिती खरोखर काही पटींनी घटते. परंतु ‘काही पटी’ आणि ‘थांबा’ यांत अंतर आहे. दमनक बसलेला आणि सुटलेला यांतील फरक सुमारे हजारपटीचा असतो. काही पटींच्या घटीने वाढ सौम्य होईल. तिने जिवाणू अर्धा तास उपाशी बसणार नाही.

१८/
मग तो बसतो का? ग्लुकोज संपते त्या क्षणी ईटूए-ग्लुकोजचे हात फॉस्फेटने भरतात आणि परमिएज मोकळे होते. परंतु दमनक इतका वेळ बसून असल्यामुळे पेशीत परमिएजचे आणि विकरांचे गळतीने बनलेले मोजकेच रेणू असतात. त्या थोड्या दारांतून थोडे लॅक्टोज येते, थोडा प्रेरक बनतो, दमनक क्षणभर सुटतो, आणखी दारे बनतात. चक्र वेग घेईपर्यंत वेळ जातो, आणि प्रथिने बनवायला लागणारी ऊर्जाही त्याच वेळी तुटपुंजी असते, कारण मुख्य अन्न नुकतेच संपले आहे. सायक्लिक एएमपीची तात्पुरती वाढ इथे उपयोगी पडते. ती थांब्यातून बाहेर पडायला हात देते. ज्याला थांब्याचा कर्ता ठरवले गेले तो खरे तर थांबा मोडणाऱ्यांपैकी आहे. आलेखावरची आडवी रेघ ही कोट्यवधी पेशींची सरासरी असते, हेही विसरू नये. गढूळपणा मोजणारे यंत्र कोणती पेशी आधी सुटली ते सांगू शकत नाही.

१९/
‘जिवाणू आधी चांगले अन्न निवडतो’ ही लोकप्रिय भाषाही इथे टाकून द्यावी लागते. निवड करायला दोन्ही पर्याय कळावे लागतात. ग्लुकोजवर वाढणाऱ्या पेशीला लॅक्टोजची खबरच पोहोचू दिली जात नाही. तिच्यासमोर दोन ताटे नसतात, एकच असते.

२०/
मागासानिक यांच्या मूळ कल्पनेचे काय झाले? ती १९७० नंतर जवळजवळ अडगळीत गेली होती. २०१३ मध्ये टेरेन्स ह्वा आणि सहकाऱ्यांनी दाखवले की पेशीतील अल्फा-कीटो आम्ले साचली की सायक्लिक एएमपीची निर्मिती रोखली जाते. म्हणजे कार्बन आणि नायट्रोजन यांच्या आवक-जावकीचा ताळमेळ ती आम्ले राखतात. चयापचयातून निघालेला पदार्थ दमन करतो, हे अर्धशतकापूर्वीचे म्हणणे वेगळ्या तपशिलांसह परत आले. फक्त ते लॅक्टोजच्या थांब्याचे उत्तर नाही. पेशीने कोणत्या कामासाठी किती प्रथिने बनवावीत या व्यापक प्रश्नाचे ते उत्तर आहे. दोन प्रश्न एकाच नावाखाली कोंबल्याने दोन्हींची उत्तरे बिघडली.

२१/
तक्ता दुरुस्त करणे अवघड नाही. चौथ्या ओळीत ‘लॅक्टोज : बाहेर आहे, आत नाही, दमनक : बसलेला’ एवढे लिहिले की पुरे. याने एका ओळीची रचना बिघडते, कारण मग ती ओळ आणि ‘ग्लुकोज आहे, लॅक्टोज नाही’ ही ओळ सारखीच दिसू लागते आणि दोन स्विचांचा तो सममित नमुना मोडतो. सममिती वाचवण्यासाठी चूक राखली गेली, असा संशय घ्यायला जागा आहे.

२२/
आणखी एक तपशील, १९९७ चा, त्याच जपानी गटाचा. पेशीत ग्लुकोज आणणाऱ्या मुख्य वाहक प्रथिनाचे जनुक चालायलाही सायक्लिक एएमपी आणि त्याचे प्रथिन लागते. त्यांनी सायक्लिक एएमपीची यंत्रणा काढून टाकली आणि तिच्यावाचून चालणारा लॅक प्रवर्तक बसवला. जुन्या कथेनुसार हा बदल ग्लुकोजच्या टप्प्यासारखाच असायला हवा होता. प्रत्यक्षात ग्लुकोजचा वाहकच अपुरा पडला, ईटूए-ग्लुकोजचे हात रिकामे होईनात, लॅक्टोजचे दार उघडे राहिले आणि दुहेरी वाढ दिसेनाशी झाली. ज्या रेणूच्या अभावाने थांबा येतो असे मुले पाठ करतात, त्या रेणूशिवाय तो थांबा येतच नाही.